सोमवारचं एक पान

अमेरिकेतल्या हंट्सव्हिलचं मार्शल अंतराळ केंद्र 1960 साली सुरू झालं आणि वेर्नहेर फॉन ब्राउन त्याचे संचालक झाले. माणसाला चंद्राकडे नेणारं सॅटर्न रॉकेट इथेच आकाराला येत होतं. कामाचा पसारा अवाढव्य होता. प्रयोगशाळेतली अडचण पायरीपायरीने संचालकांपर्यंत पोचेतो तिची धार बोथट होण्याचा धोका होता.

फॉन ब्राउन यांनी सुमारे दोन डझन विभागप्रमुखांना एक साधा नियम घालून दिला. दर सोमवारी एकच पान पाठवायचं. वर नाव आणि तारीख, खाली गेल्या आठवड्यातली प्रगती आणि अडचणी. पान मधल्या साहेबांच्या हातून न जाता थेट त्यांच्याकडे येई. ते समासात हाताने शेरे लिहीत. कुठे शाबासकी, कुठे प्रश्न, कुठे सूचना. मग शेऱ्यांसकट साऱ्या पानांच्या प्रती सगळ्या विभागप्रमुखांना जात.

खरी गंमत या शेवटच्या पायरीत होती. शेजारच्या विभागाचं काय अडलंय आणि त्यावर संचालक काय म्हणतात, हे प्रत्येकाला कळे. संघटनेतल्या संवादाचे अभ्यासक फिलिप टॉम्पकिन्स यांनी 1967 साली या केंद्रात काम केलं. तेव्हा त्यांना दिसलं, की हे पान भरण्यासाठी काही विभागप्रमुख आपल्या हाताखालच्यांकडूनही आधीच टिपणं मागवतात. तसा हुकूम वरून कुणी काढलेला नव्हता.

ठरलेल्या साच्याचा फायदा एखाद्या बांधकामाच्या साइटवरही पडताळता येतो. समजा, तीन सुपरवायझर दर शनिवारी चारच ओळी पाठवतात: काय झालं, काय अडलं, कुणाकडून काय हवं, पुढच्या आठवड्यात काय. एकाच्या ‘पुढच्या आठवड्यात’मध्ये आहे, ‘बुधवारी दुसरा स्लॅब भरणार.’ प्लंबिंग बघणाऱ्याच्या ‘अडलं’मध्ये आहे, ‘दुसऱ्या स्लॅबमधले पाइप टाकायचे राहिलेत, माल गुरुवारी येणार.’ दोन्ही कागद शेजारी ठेवले, की घोटाळा शनिवारीच लक्षात येतो. हेच दोघांनी आपापल्या पद्धतीने पानभर लिहिलं असतं, तर पाइपांचा उल्लेख कुठेतरी मध्येच बुडाला असता आणि बुधवारी भरलेला स्लॅब नंतर फोडावा लागला असता.

मागच्या आठवड्याशी ताळा घालणंही सोपं होतं. ‘अडलं’खाली तीच ओळ तिसऱ्यांदा आली, तर फोन उचलायची वेळ झाली. ती जागा महिनोन्‌महिने कोरीच राहिली, तर एकतर सगळं खरंच सुरळीत आहे, नाहीतर अडचण सांगायला माणसं बिचकतात.

हे बिचकणं साच्याने जात नाही. अडचण लिहिणाऱ्याची झाडाझडती झाली, तर पुढच्या खेपेला ‘काम सुरू आहे’ एवढंच येतं. उत्तरच आलं नाही, तर मागच्या आठवड्याचा मजकूर तारीख बदलून पुन्हा येतो. म्हणून साचा ठरवतानाच दोन गोष्टी सांगून टाकाव्या लागतात: हे कागद कोण वाचणार, आणि ‘कुणाकडून काय हवं’ या ओळीला किती दिवसांत उत्तर मिळणार.