तुमचं एक पाऊल नक्की किती मीटरचं?

पावसाळा सुरू झाला की कोल्हापुरात एक प्रश्न हमखास विचारला जातो : पन्हाळा ते पावनखिंड नक्की किती अंतर? प्रत्येकाचा आकडा वेगळा. एकजण पंचेचाळीस सांगतो, दुसरा पंचावन्न, आणि वाटेत भेटलेले मामा तर किलोमीटरच्या भानगडीत पडतच नाहीत. ‘‘पावणं, हे काय, आलंच की! त्या टेकाडाच्या पल्याड!’’ त्या टेकाडाच्या पल्याड अजून तीन टेकाडं असतात, हे त्यांच्या हिशोबात बसत नाही.

जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे गेले, ती ही वाट. आता दर जुलैमध्ये पाठीवर सॅक टाकून शेकडो मुलं-मुली त्या वाटेवर चालतात. पन्हाळा सोडल्यावर म्हाळुंग्याच्या बाजूने मसाईच्या पठारावर चढलं, की खरी गंमत सुरू होते. पठार सपाट आणि लांबलचक, पायाखाली जांभा, आणि पावसात धुकं असं उतरतं की पुढच्या माणसाचा रेनकोटही दिसेनासा होतो. मोबाइल ओला झालेला किंवा बॅटरी संपलेली. अशा वेळी ‘आपण किती चाललो’ हे कळलं नाही, तर डावीकडची वाट आपण मागे टाकली की ती अजून पुढे आहे, हे कळायला मार्ग उरत नाही.

मार्ग आहे. तो आपल्याच पायात आहे, फक्त त्याला आधी मोजून घ्यावं लागतं.

फंडा साधा आहे. आधी माहीत असलेल्या अंतरावर आपली पावलं मोजायची, एका पावलाचं माप काढायचं, आणि मग न माहीत असलेलं अंतर पावलांनी मोजायचं. कोणी म्हणेल, ‘‘एवढंच?’’ एवढंच. पण यातल्या प्रत्येक पायरीवर थोडी मेख आहे.

पहिली मेख : एक पाऊल मोजायचं नाही, जोडी मोजायची. फक्त उजवा पाय जमिनीला लागला की ‘एक’. यामुळे मोजणी निम्मी होते आणि डाव्या-उजव्या पावलातला फरकही आपोआप त्यात मुरतो. रोमन लोक असंच मोजायचे. त्यांच्या अशा हजार जोड-पावलांना ‘मिले पासुस’ म्हणत, आणि आपण आजही ‘मैल’ म्हणतो तो त्यातल्या ‘मिले’वरूनच आला.

दुसरी मेख : माप घ्यायला दहा मीटर पुरत नाहीत. शेवटचं जोड-पाऊल रेषेवर बरोबर पडत नाही, अर्ध्याचा घोळ राहतोच. दहा मीटरमध्ये अर्ध्या जोड-पावलाचा घोळ म्हणजे सात टक्क्यांच्या आसपास चूक. शंभर मीटरमध्ये तोच घोळ पाऊण टक्क्यावर येतो. म्हणून किमान शंभर मीटर हवेत. सुताराकडची किंवा हार्डवेअरच्या दुकानातली तीस मीटरची टेप घ्या, रंकाळ्याच्या काठावर सकाळी सरळ, मोकळा भाग पकडा, टेप ताणून तीनदा तीस आणि वर दहा. दोन्ही टोकांना खडूची रेघ मारा. (मॉर्निंग वॉकवाले काका थांबून ‘‘काय, प्लॉट पाडताय का?’’ विचारतील. विचारू द्या.)

हायवेवरचे किलोमीटरचे दगड वापरायचा मोह होतो, आणि वापरायला हरकत नाही, पण एकाच दगडावर विश्वास ठेवू नका. रस्ता रुंद करताना किंवा वळण सरळ करताना दगड आणि खरं अंतर यांची फारकत होऊ शकते. ओळीने तीन-चार किलोमीटर चालून पावलांचा आकडा जवळपास सारखा येतोय का ते बघायचं. एखादाच किलोमीटर वेगळा आला, तर संशय पायांवर नाही, दगडावर घ्यायचा.

तिसरी मेख सगळ्यात महत्त्वाची. मोजायचं म्हटलं की माणूस चालत नाही, ‘टाकतो’. टांगा लांब पडतात, चाल ताठ होते, आणि आपल्याला जे माप मिळतं ते आपण आयुष्यात परत कधीच चालणार नाही अशा चालीचं असतं. म्हणून रेघेच्या दहा-पंधरा पावलं आधीपासून चालायला लागा, रेघ ओलांडताना मोजणी सुरू करा आणि दुसरी रेघ ओलांडूनही चालत राहा. जाताना आणि येताना मिळून चारदा.

बँकेत नोकरी करणाऱ्या माझ्या एका ट्रेकर मैत्रिणीच्या वहीतले आकडे बघा. शंभर मीटरला साडेसहासष्ट, सदुसष्ट, साडेसदुसष्ट, सदुसष्ट. सरासरी सदुसष्ट. शंभर भागिले सदुसष्ट म्हणजे तिचं जोड-पाऊल १.४९ मीटरचं, आणि एक किलोमीटर म्हणजे ६७० जोड-पावलं. चारही आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत म्हणून हे माप विश्वासाचं. तुमचे आकडे बासष्ट, सत्तर, पासष्ट असे उड्या मारत असतील, तर तुम्ही अजून ‘टाकताय’. चहा प्या, गप्पा मारत या आणि परत मोजा.

त्याच वहीत खाली आणखी दोन ओळी आहेत. पायात ट्रेकिंगचे बूट, पाठीवर भरलेली सॅक, खाली ओला जांभा : शंभर मीटरला सत्तर. चांगल्या खड्या चढावर, त्याच बुटात, त्याच सॅकसह : ब्याऐंशी. म्हणजे चढावर तिचं जोड-पाऊल १.२२ मीटरवर आलं. रंकाळ्यावरचंच माप घेऊन ती चढ मोजायला गेली असती तर? समजा चढावर १,६४० जोड-पावलं झाली. रंकाळ्याच्या मापाने ते अंतर जवळजवळ अडीच किलोमीटर भरतं, खरं अंतर आहे दोन. अर्धा किलोमीटर हवेत! पुष्कळांना वाटतं की चूक होते ती उतार तिरका असल्यामुळे, नकाशावर तो आडवा दिसतो म्हणून. तो फरक अगदी किरकोळ असतो. पाच मीटर चालल्यावर एक मीटर उंची मिळते, एवढा चढ असला तरी दोनच टक्के. खरी चूक आखूड झालेल्या पावलाची. तेव्हा चढासाठी वेगळं माप, पठारासाठी वेगळं, आणि ज्या पायताणात चालणार त्यातच माप. करकर वाजणारी कोल्हापुरी चप्पल घालून घेतलेला आकडा बुटांना लागू होत नाही.

या प्रकारात आपल्या देशातल्या माणसांनी जे केलंय त्याला तोड नाही. १८६३ मध्ये सर्वेक्षण खात्यातल्या कॅप्टन माँटगोमेरीच्या योजनेत कुमाऊँमधल्या मिलम गावचा शाळामास्तर नैनसिंग रावत आला. तिबेटात परक्या सर्व्हेअरला बंदी होती, साखळी-दुर्बीण घेऊन जाणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून डेहराडूनला त्याला पावलं शिकवली. मैलाला सुमारे दोन हजार, चढ असो की उतार, पाऊल एकसारखं ठेवायचं. हातात जपमाळ, पण १०८ ऐवजी १०० मण्यांची. शंभर पावलांना एक मणी सरकवायचा. पूर्ण माळ म्हणजे दहा हजार पावलं, म्हणजे पाच मैल. टिपणं लपवायला प्रार्थनाचक्र. असं चालत तो जानेवारी १८६६ मध्ये ल्हासाला पोचला, आणि त्या सगळ्या प्रवासात मोजलेलं अंतर बाराशे मैलांच्या घरात गेलं. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिलं.

त्याच्यात आणि आपल्यात एक फरक आहे. त्याने पाऊल जमिनीला जुमानू दिलं नाही, ते सरावाने पक्कं केलं. आपल्याला तेवढा वेळ नाही, म्हणून आपण जमिनीप्रमाणे माप बदलतो. शिवाय नुसत्या पावलांवर त्याचंही भागत नव्हतं. वाटेत जमेल तिथे तो सेक्स्टंटने ताऱ्यांवरून अक्षांश घ्यायचा, त्यामुळे पावलांचा हिशोब ताडून बघता यायचा.

आपली माळ कोणती? खिशात दहा खडे ठेवा. शंभर जोड-पावलं झाली की एक खडा दुसऱ्या खिशात. (शेंगदाणे नकोत, मोजता मोजता संपतात.) लांबच्या अंतरात सगळ्यात मोठी चूक पावलाच्या मापाची नसते, तर एक अख्खा शेकडा गाळण्याची असते. कोणीतरी ‘‘अगं, पाणी दे ना’’ म्हणतं आणि खडा सरकवायचा राहतो. तिथेच दीडशे मीटर गायब. ही चूक पकडायला घड्याळ वापरायचं. सपाटीवर नेहमीच्या चालीने शंभर जोड-पावलांना पावणेदोन ते दोन मिनिटं लागतात. दोन खड्यांच्या मध्ये, न थांबता, साडेतीन-चार मिनिटं गेली असतील तर एक खडा खिशातच राहिलाय.

आता परत पठारावर या. समजा, नकाशावर तुमचं वळण एका ओळखीच्या खुणेपासून ९०० मीटरवर आहे आणि धुकं दाट आहे. मैत्रिणीच्या मापाने, शंभर मीटरला सत्तर, म्हणजे ६३० जोड-पावलं : सहा खडे आणि वर तीस. काळजीपूर्वक मोजलं तरी पायवाटेवर तीन-चार टक्के इकडे-तिकडे होणारच, म्हणजे वीस-पंचवीस जोड-पावलं. म्हणून ६०० झाल्यावर चाल कमी करायची, गप्पा बंद, आणि वाटेच्या दोन्ही बाजू बघत जायचं. ६६० पर्यंत वळण दिसलं नाही तर पुढे जायचं नाही. वळायचं आणि ६० जोड-पावलं मागे मोजत, परत शोधत यायचं. शोधायची जागा आता अख्खं पठार नाही, नव्वद मीटरचा पट्टा आहे.

फोनमधला स्टेप काउंटर हेच करतो, फक्त पावलाची लांबी तो बऱ्याचदा तुमच्या उंचीवरून अंदाजाने धरतो. ज्या अॅपमध्ये ती स्वतः भरता येते, तिथे रंकाळ्यावरचा आकडा भरून टाका. मात्र भरताना बघा, त्याला जोड-पाऊल हवंय की एकेरी. एकेरी असेल तर निम्मं, नाहीतर घरापासून कोपऱ्यावरच्या मिसळीपर्यंत तुम्ही दुप्पट चाललात असं तो सांगेल आणि तुम्ही दुसरी प्लेट मागवाल.

आणि पायी जायची सोयच नसेल तर? नैनसिंगचा भाऊबंद किशनसिंग १८७८ ते १८८२ च्या तिबेट-मंगोलियाच्या प्रवासात एका तांड्याबरोबर होता. लुटारूंच्या भीतीने तांडा घोड्यावर निघाला, यालाही घोड्यावर बसावं लागलं. त्याने घोड्याचं पाऊल मापून घेतलं आणि त्याचा पुढचा उजवा पाय मोजत पुढे गेला.