दगडापासून काशाच्या कुऱ्हाडीपर्यंत

सर्व्हायव्हल क्राफ्टिंग प्रकारच्या गेममध्ये खेळाडू जवळजवळ रिकाम्या हाताने एका अनोळखी जगात उतरतो आणि भोवती सापडेल त्यातून हत्यारं, निवारा आणि अन्न उभं करतो. अशा गेमची सुरुवातीची वाटचाल एका साखळीवर चालते. हातातल्या अवजाराने एक नवं साहित्य मिळतं, त्या साहित्यातून पुढचं अवजार तयार होतं आणि ते अवजार आधी हाती न लागणारं तिसरंच साहित्य मोकळं करतं. २०११ मध्ये पूर्ण स्वरूपात बाजारात आलेल्या माइनक्राफ्टने ही रचना घराघरांत पोहोचवली. तिथे लाकडी कुदळीने दगड फुटतो, दगडी कुदळीने लोखंड आणि लोखंडी कुदळीने हिरे. मात्र ही साखळी किती बारकाईने विणता येते हे पाहायचं तर व्हॅलहाइम हे अधिक बोलकं उदाहरण आहे. स्वीडनमधल्या आयर्न गेट या छोट्या स्टुडिओचा हा गेम २ फेब्रुवारी २०२१ रोजी अर्ली अ‍ॅक्सेस स्वरूपात आला आणि साधारण महिन्याभरातच त्याच्या सुमारे ५० लाख प्रती विकल्या गेल्या.

व्हॅलहाइमचं जग वेगवेगळ्या प्रदेशांत विभागलेलं आहे. खेळाडू उतरतो तो मेडोज या गवताळ, शांत प्रदेशात. त्यानंतर ब्लॅक फॉरेस्टचं दाट जंगल, मग दलदल, मग बर्फाळ डोंगर असा क्रम लागतो. प्रत्येक प्रदेशाचा एक बलाढ्य राखणदार असतो आणि तो मेल्यावर हाती येणारी वस्तू पुढच्या प्रदेशाचं दार उघडते. हा क्रम कुठेही सक्तीने लादलेला नाही. पहिल्या पाच मिनिटांत पळत ब्लॅक फॉरेस्टमध्ये शिरायला कुणी अडवत नाही, पण तिथलं तांबं फोडायला लागणारी कुदळ मेडोजच्या राखणदाराला मारल्याशिवाय बनत नाही. अडसर वाटेवर नसून अवजारात ठेवलेला आहे आणि रचनाकारांची सगळी हुशारी याच निवडीत आहे. जग पहिल्या क्षणापासून मोकळं दिसतं, तरी खेळाडू बऱ्याच अंशी ठरलेल्या क्रमानेच पुढे सरकतो.

सुरुवात जमिनीवरच्या फांद्या आणि दगड वेचण्यापासून होते. तीन लाकडं आणि दोन दगड यांतून हातोडा बनतो, पाच लाकडं आणि चार दगडांतून दगडी कुऱ्हाड. हातोड्याने दहा लाकडांचा वर्कबेंच उभा राहतो, पण त्याच्यावर छप्पर नसेल तर तो काम करू देत नाही. त्यामुळे पहिली झोपडी हौसेपोटी नव्हे, गरज म्हणून बांधली जाते. नवीन वस्तू कशा बनतात याची यादीही आधी दिसत नाही. एखादं साहित्य पहिल्यांदा उचललं की त्यातून काय काय होऊ शकतं ते उघड होतं. पाण्याच्या काठावरची गारगोटी उचलताच तिची कुऱ्हाड आणि भाला यादीत येतात. नवखे खेळाडू लाकूड-दगडांच्या मागे असतात आणि राळ, पिसं, चामड्याचे तुकडे निरुपयोगी समजून सोडून देतात. मग आपल्या यादीत धनुष्य किंवा ढाल का नाही, हे त्यांना कळत नाही. दिसेल ती प्रत्येक नवी वस्तू निदान एकदा उचलणं हा या टप्प्यावरचा सर्वांत स्वस्त शोध आहे.

आणखी एक चूक इतकी सर्रास होते की तिचा वेगळा उल्लेख हवा. अवजार झिजून निकामी झालं की खेळाडू ते टाकून नवीन बनवतात. वर्कबेंचजवळ दुरुस्ती पूर्णपणे फुकट होते, तिला एकही लाकूड लागत नाही. बेंचच्या खिडकीतलं हातोड्याचं छोटं बटण नजरेतून सुटतं आणि कितीतरी साहित्य वाया जातं.

इथवरच्या चुका किरकोळ आहेत. नवख्यांना खरी अडचण येते ती शक्तीची कल्पना चुकल्यामुळे. अनेक साहसी गेममध्ये शत्रू मारले की अनुभवाचे गुण साठतात, पातळी वाढते आणि शरीर आपोआप बळकट होत जातं. व्हॅलहाइममध्ये अशी पातळी नाही. कौशल्यं वापराने हळूहळू वाढतात, पण उपाशी खेळाडूचं आयुष्य पहिल्या दिवशी २५ गुणांचं असतं आणि पन्नासाव्या दिवशीही तितकंच राहतं. बाकीची सगळी ताकद पोटातून येते. एका वेळी तीन वेगवेगळे पदार्थ खाता येतात. भाजलेलं मांस मुख्यतः आयुष्य वाढवतं, रासबेरीसारखी फळं मुख्यतः दम वाढवतात, आणि पळणं, उडी मारणं, वार करणं, ढालीने अडवणं हे सगळं त्या दमावरच चालतं. पदार्थाचा परिणाम काही मिनिटांनी ओसरत जातो.

भुकेने या गेममध्ये कुणी मरत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट नवख्यांना फसवते. डोन्ट स्टार्व्हसारख्या गेममध्ये उपासमारीने जीव जातो, म्हणून तिथे खाणं विसरून चालत नाही. इथे तसा दंड नसल्याने खेळाडू मांस पेटीत जपून ठेवतात आणि रिकाम्या पोटी जंगलात जातात. ब्लॅक फॉरेस्टमधल्या निळ्या ट्रोलचा एकच फटका उपाशी खेळाडूचा जीव घ्यायला पुरतो. तोच खेळाडू दोन प्रकारचं मांस आणि मूठभर बेरी खाऊन गेला, तर त्याला पळून जाण्याइतकी तरी उसंत मिळू शकते. अन्न संकटासाठी राखून ठेवायचं नसतं, दर मोहिमेआधी खायचं असतं.

विश्रांतीचंही तसंच आहे. छपराखाली, शेकोटीजवळ थोडा वेळ थांबलं की ताजेपणाचा परिणाम मिळतो. तो टिकेपर्यंत दम भरून येण्याचा वेग दुप्पट होतो आणि जखमाही लवकर भरतात. साध्या झोपडीत तो आठ-दहा मिनिटं टिकतो. स्टूल, टेबल, गालिचा अशा वस्तू जोडल्या की घराचा आराम वाढतो आणि आरामाच्या प्रत्येक पायरीमागे ताजेपणा एक मिनिट लांबतो. घरातलं फर्निचर इथे शस्त्रागाराचाच भाग आहे. हे लक्षात न आलेला खेळाडू पावसात भिजत, थकलेल्या अवस्थेत लढतो आणि आपला हात चालत नाही असं समजतो.

मेडोजचा राखणदार आइक्थिर हा विजेचे लोळ सोडणारा हरीण आहे. हरणाची दोन मुंडकी त्याच्या वेदीवर ठेवली की तो प्रकट होतो. त्याचं आयुष्य ५०० गुणांचं असलं तरी पोट भरलेलं असेल, हाती ढाल असेल आणि धनुष्याला पुरेसे बाण असतील, तर तो एकट्यानेही मारता येतो. त्याची कठीण शिंगं मिळतात आणि दहा लाकडं जोडून त्यांची कुदळ होते. या कुदळीपासून धातूचं युग सुरू होतं आणि बहुतेकांचं गणित इथेच चुकतं.

समजा पहिली काशाची कुऱ्हाड हवी आहे. तिला आठ कासे, चार लाकडं आणि चामड्याचे दोन तुकडे लागतात. एक कासे म्हणजे दोन तांबं आणि एक कथील, म्हणजे आठ काशासाठी सोळा तांबं आणि आठ कथील. कासे बनतं ते लोहाराच्या भट्टीवर, आणि ती भट्टी उभारायलाच आणखी सहा तांबं जातं. एकूण बावीस तांब्याची आणि आठ कथलाची कच्ची धातू झाली. ती वितळवणाऱ्या भट्टीला प्रत्येक नगामागे दोन कोळसे लागतात, म्हणजे साठ, आणि लोहाराच्या भट्टीच्या बांधणीला चार. एका लाकडाचा एक कोळसा होतो, तेव्हा केवळ कोळशासाठी चौसष्ट लाकडं तोडावी लागतात. धातू वितळवणारी आणि कोळसा पाडणारी अशा दोन्ही भट्ट्यांना प्रत्येकी वीस दगड आणि पाच सुर्टलिंग कोअर लागतात. हे लाल चमकणारे गोळे ब्लॅक फॉरेस्टमधल्या जमिनीखालच्या थडग्यांत, सांगाड्यांच्या पहाऱ्यात मिळतात. सांगाड्यांवर भाल्यापेक्षा साधा सोटा अधिक परिणाम करतो.

आता वजन पाहू. तांब्याची कच्ची धातू दर नगाला दहा आणि कथलाची आठ, म्हणजे एकूण २८४. खेळाडूची वाहण्याची मर्यादा ३०० आहे, आणि त्यात कुदळ, ढाल, हत्यार, अन्नही मोजलं जातं. एका खेपेत हे बसत नाही. मर्यादा ओलांडली की पळता येत नाही आणि चालतानाही दम संपत जातो. पुढे खेळाडूला पोर्टल बांधता येतं, पण नेहमीच्या नियमांनुसार त्यातून धातू नेता येत नाही. म्हणून मेडोजच्या मध्यभागी दोन मजली वाडा बांधून बसलेल्या खेळाडूला प्रत्येक खेप पायी आणावी लागते. अनुभवी खेळाडू दोन प्रदेशांच्या सीमेजवळ एक साधी झोपडी, पलंग आणि भट्ट्या उभारतात आणि मोठं घर नंतरसाठी ठेवतात. तांब्याच्या खडकाचा बराच भाग जमिनीखाली असतो हेही नवख्यांना ठाऊक नसतं. वरचा उंचवटा फोडून ते दुसरा खडक शोधत फिरतात, जेव्हा पायाखाली खणलं असतं तर हवं ते तिथेच मिळालं असतं.

मृत्यू आला की अंगावरचं सगळं सामान जागीच एका थडग्यात राहतं आणि सगळी कौशल्यं पाच टक्क्यांनी घटतात. माइनक्राफ्टमध्ये पडलेलं सामान पाच मिनिटांत नाहीसं होतं, त्यामुळे तिथून आलेला खेळाडू सवयीने उघडाबोडका, उपाशी पोटी थडग्याकडे धावतो आणि तिथेच पुन्हा मरतो. व्हॅलहाइममधलं थडगं नाहीसं होत नाही. झोपडीत थांबून खावं, ताजेपणा मिळवावा, जुनी ढाल दुरुस्त करून घ्यावी आणि मगच निघावं, एवढा वेळ गेमने दिलेला असतो.

एक धोका मात्र तयारीनेही टळत नाही. कधीकधी मेडोजला लागूनच प्लेन्स हा पिवळ्या गवताचा प्रदेश असतो. दिसायला तो तितकाच शांत वाटतो, पण त्याचा क्रम बर्फाळ डोंगरांच्याही नंतर येतो आणि तिथला डेथस्क्विटो नावाचा मोठा डास चामड्याच्या चिलखतातल्या खेळाडूला सहज संपवतो. कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर प्रदेशाचं नाव लिहिलेलं असतं. ते बदललेलं दिसताच मागे फिरणं हाच इथला उपाय.

काशाची हत्यारं हाती आली की ब्लॅक फॉरेस्टचा राखणदार एल्डर समोर येतो. त्याच्या वेदीच्या आगीत तीन प्राचीन बिया टाकून त्याला बोलवावं लागतं. तो झाडाचाच बनलेला असल्याने आगीचे बाण त्याच्यावर चांगले चालतात. वीस बाणांना आठ लाकडं, दोन पिसं आणि आठ राळ लागते. त्याच्याकडून मिळणारी किल्ली दलदलीतली बुडालेली तळघरं उघडते आणि चिखलाचे ढीग फोडून लोखंड काढायचं काम सुरू होतं. ते ढीग फोडायला आइक्थिरच्या शिंगांची जुनी कुदळही चालते.