टाकीच्या तोंडाशी कोणती भाषा?

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीलगतच्या एका चाळीत रात्री साडेनऊला मोबाइलवर फोटो येतो. ठेकेदाराच्या सुपरवायझरने पाठवलेला. खाली एकच ओळ: 'सब को समझा देना, कल टंकी का काम है.' फोटोत कारखान्याच्या भिंतीवरची सुरक्षा सूचना आहे, वर इंग्रजी, खाली मराठी. खोलीत सहा जण आहेत: दोघे ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातले, तिघे झारखंडच्या पलामूचे, एक बंगालमधल्या मालद्याचा. मोबाइल ज्याचा आहे तो गंजामचा. सुरतेच्या यंत्रमागांवर काही वर्षं काढून इकडे आलेला. हिंदी तो तिथे शिकला, त्यामुळे मराठीची अक्षरं लागतात, आणि शाळेतलं इंग्रजी थांबत थांबत वाचता येतं. बाकीचे त्याला 'भाईना' म्हणतात, म्हणजे थोरला भाऊ. वयाने तो थोरला नाही. वाचता येतं म्हणून थोरला.

ही गोष्ट मी रचलेली आहे. त्यातलं काम, ती टाकी आणि त्या सूचनेतली कलमं मात्र रोजच्या व्यवहारातली आहेत, आणि खरा विषय तोच आहे: बंद टाकीत उतरण्याबद्दलची सूचना दुसऱ्याच्या भाषेत सांगायची तर नेमकं काय सांगावं लागतं, आणि कुठे घसरायला होतं.

काम आहे ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या, टाकीतला गाळ काढायचं. पाणी उपसून झालं आहे, तळाशी गुडघाभर चिखल उरला आहे. असा चिखल हवेविना कुजतो आणि त्यात हायड्रोजन सल्फाइड हा वायू तयार होतो. हवेपेक्षा थोडा जड असल्याने तो तळाशी साचतो. टाकीत एरवीही ऑक्सिजन कमी पडलेला असू शकतो, कारण कुजण्याची क्रियाच तो खाऊन टाकते. वरून पाहणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

भाईनाची पहिली अडचण फोटोच. ट्यूबलाइटची चमक फलकाच्या मधोमध पडली आहे, आणि तिसऱ्या कलमातले आकडे तिथेच आहेत. व्हॉट्सॲपने फोटो दाबून लहान केलाय, त्यामुळे मोठा केला की अक्षरं फुटतात. खालची कड कापली गेली आहे. परवाना कोणत्या वेळेपर्यंत चालेल आणि सही कोणाची लागते, हे अशा फलकावर बहुधा तळाशीच असतं. तो उलट निरोप पाठवतो: 'फोटो फिर से भेजो, नीचे तक. डॉक्युमेंट करके भेजो.' डॉक्युमेंट म्हणून पाठवलेला फोटो दाबला जात नाही, ही युक्ती गावाकडे आधारकार्डाच्या प्रती पाठवताना त्याला कळलेली आहे. दुसरा फोटो येतो आणि आकडे दिसतात: ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या खाली.

दुसरी अडचण त्याला ठाऊकच आहे. उद्या मोबाइल गेटवर जमा होतील, कारण ज्वलनशील वायूच्या आवारात तो चालत नाही. म्हणजे टाकीपाशी फोटो कोणाकडेच नसेल. जे काही आहे ते आज रात्री डोक्यात बसायला हवं. म्हणून तो फलक वरून खाली वाचत नाही. आधी दोन्ही भाषांमधून मनात वाचून घेतो आणि मग कामाच्या क्रमाने सांगायला लागतो: उतरण्याआधी काय, आत असताना काय, कोणी पडला तर काय.

उतरण्याआधीचा भाग सोपा वाटतो. परवाना हवा, वायूची तपासणी हवी. पण 'गॅस चेक हुआ क्या, पूछना' एवढंच त्याने सांगितलं असतं, तर पलामूचा पोरगा 'हां, हुआ' या उत्तरावर उतरला असता. तपासणी झाली म्हणजे कुठे झाली? मीटर मॅनहोलच्या तोंडाशी धरून हवा चांगली आहे म्हणणं निरर्थक आहे; दोरीने किंवा नळीने वर, मध्ये आणि तळाशी अशा तिन्ही पातळ्यांवर पाहावं लागतं. आणि कधी झाली? सकाळी नऊला टाकी चांगली असते, दहाला कोणी फावडं मारून गाळ ढवळतो आणि त्यात अडकलेला वायू एकदम वर येतो. म्हणून आत काम चालू असताना मीटर सोबत लागतो आणि जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा तपासणी लागते. भाईना हे सगळं सांगू शकतो, कारण सुचवलेल्या वेळा फलकावर आहेत. तिन्ही पातळ्यांचं कलमही आहे, बारीक अक्षरात.

मालद्याचा माणूस म्हणतो, 'वास आला की बाहेर येऊ.' खोलीतल्या सगळ्यांना हे पटतं. कुजक्या अंड्याचा वास कोणाला ओळखता येत नाही? नेमकी इथेच मोठी फसगत आहे. हायड्रोजन सल्फाइड अगदी थोडा असतो तेव्हा वास येतो. प्रमाण १०० पीपीएमच्या आसपास गेलं की काही मिनिटांत नाक बधिर होतं आणि वास थांबतो. माणसाला वाटतं, वायू गेला. प्रत्यक्षात तो वाढलेला असतो. ५०० ते ७०० पीपीएमला काही मिनिटांत माणूस कोसळतो, १००० च्या वर एकदोन श्वासही पुरतात. फलकावर एवढं लिहिलेलं नसतं. तिथे फक्त 'वासावर अवलंबून राहू नये' असं असतं. ज्याला कारण माहीत नाही त्याच्यासाठी हे वाक्य निव्वळ शिस्तीचं असतं, आणि शिस्त तासाभरात सुटते.

मग येतो सगळ्यात धोक्याचा शब्द. इंग्रजीत श्वसनयंत्र म्हटलंय, मराठीतही 'श्वसन उपकरण'. भाईना सहज म्हणून जातो, 'मास्क लगाना है.' पलामूचा एक जण उशाखालून कापडी मास्क काढून दाखवतो: आहे ना. दुसऱ्याकडे रंगकामाच्या वेळी मिळालेला डबीवाला मास्क आहे. डबीतला कोळसा काही वायू शोषून घेतो खरा, पण ऑक्सिजन निर्माण करत नाही. टाकीत ऑक्सिजनच नसेल तर डबीचा मास्क लावलेला माणूस तसाच गुदमरतो. हवं असतं ते बीए सेट, पाठीवर हवेचं सिलिंडर आणि तोंडावर पूर्ण मुखवटा, किंवा बाहेरून नळीने हवा पुरवणारं यंत्र. भाईना थांबतो आणि सुधारतो: 'जो पीठ पर सिलिंडर होता है, वो वाला. बाकी सब मास्क टंकी में बेकार.' तेवढ्यात कोणी विचारतं, वेल्डिंगचा ऑक्सिजन सिलिंडर आत सोडला तर? पुष्कळ ठिकाणी हा शहाणपणा केला जातो. ऑक्सिजन जास्त झाला की कपडे, तेल, वंगण एका ठिणगीने भडकतात, २३.५ टक्क्यांची वरची मर्यादा त्यासाठीच आहे. आत साधी हवा सोडायची, ब्लोअरने, आणि काम संपेपर्यंत.

'स्टँडबाय' या शब्दाचंही असंच. त्याचं 'हेल्पर' केलं की तो माणूस चहा आणायला जातो, कारण हेल्परचं कामच ते. फलकाला म्हणायचं असतं की मॅनहोलपाशी उभा राहिलेला माणूस काहीही झालं तरी जागा सोडणार नाही, आतल्याशी बोलत राहील, आणि आतल्याच्या पट्ट्याला बांधलेली दोरी त्याच्या हातात असेल. ही दोरी काही नवी कल्पना नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३६ व्या कलमात तिचा स्पष्ट उल्लेख होता: एक तर सक्षम व्यक्तीचा लेखी दाखला हवा, नाही तर श्वसनयंत्र आणि दोरीला बांधलेला पट्टा, दोरीचं मोकळं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात.

शेवटचं कलम सांगताना खोली गप्प होते: आतला माणूस पडला तर त्याला काढायला उतरू नका. हे भाषांतर करायला सोपं आणि गळी उतरवायला अशक्य. एकाच गावचे, एकाच खोलीत राहणारे, कधी कधी सख्खे भाऊ. एक पडला आणि दुसरा वर उभा राहील? अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेने १९८६ मध्ये अशा मृत्यूंचा अभ्यास मांडला तेव्हा मेलेल्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक जण वाचवायला उतरलेले होते. आपल्याकडच्या बातम्यांतही 'एकापाठोपाठ एक' हे शब्द वारंवार येतात. म्हणून 'उतरू नका' एवढं पुरत नाही. त्या क्षणी हाताला दुसरं काम द्यावं लागतं. भाईना ते देतो: दोरी ओढायची, ओरडायचं, ब्लोअर बंद होऊ द्यायचा नाही, बीए सेटवाला येईपर्यंत तिथेच थांबायचं. मग तो प्रत्येकाला स्वतःच्या बोलीत परत सांगायला लावतो. पलामूचा सगळ्यात धाकटा सांगतो, 'मास्क पहनके उतरना है.' कोणता मास्क? पुन्हा पहिल्यापासून. हे परत म्हणून घेणं कोणत्याही फलकावर छापलेलं नसतं, आणि चूक सापडते ती मात्र तिथेच.

आता कायद्याकडे पाहू. त्याच १९४८ च्या कायद्याच्या १०८ व्या कलमाने सांगितलं होतं की सूचना इंग्रजीत आणि कारखान्यातल्या बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत असावी, मुख्य प्रवेशद्वाराजवळ, स्वच्छ आणि वाचता येईल अशी. ऐकायला चोख. पण बहुसंख्य म्हणजे बहुधा कायमचे मराठी कामगार, जे यंत्रं चालवतात. टाकीत उतरतो तो चार दिवसांसाठी आणलेला ठेक्याचा माणूस, आणि तो नेहमी अल्पसंख्य असतो. फलक नियमात बसतो आणि ज्याच्यासाठी आहे त्याला कळत नाही, यात कोणाची लबाडी असायला लागत नाही. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि आपल्या आरोग्य-सुरक्षेबद्दलची माहिती मिळवण्याचा हक्क कामगाराला मिळाला. न वाचता येणाऱ्या माणसाने हा हक्क कोणत्या भाषेत मागायचा, हे कोणी सांगितलं नाही. आपल्याच गावचा कामगार मस्कतला किंवा दोह्याला अरबी-इंग्रजी फलकासमोर उभा राहतो तेव्हा त्याची अवस्था भाईनाच्या खोलीतल्यांहून वेगळी नसते, एवढं आपण मराठी वाचकांनी लक्षात घ्यायला हरकत नाही.

भाईनाला या रात्रीचे पैसे मिळत नाहीत, ते सोडून देऊ. त्याच्याकडून चूक झाली तर जबाबदारी मात्र त्याच्यावर ढकलली जाऊ शकते, कारण 'समझा दिया था' असा निरोप सुपरवायझरच्या मोबाइलमध्ये असतो. चाळीत रात्री सांगितलेल्या गोष्टीला परवान्याच्या जागी ठेवता येत नाही. परवाना टाकीच्या तोंडाशी, आकडे मीटरवर दाखवून, उतरणाऱ्याच्या भाषेत वाचला गेला पाहिजे.

आणि कारखान्यांना, ठेकेदारांना एक सुचवणं. ज्याला दोन्ही भाषा येतात त्या माणसाला त्या दिवशी टाकीत उतरवू नका. प्रशिक्षण देऊन त्यालाच स्टँडबाय म्हणून वर, दोरी हातात देऊन उभं करा, आणि त्या दिवसाची मजुरी उतरणाऱ्याइतकीच द्या. आतला माणूस गुदमरायला लागला की शेवटचा शब्द तो आपल्या मातृभाषेतच बोलणार आहे, आणि तो कळणारं कोणीतरी मॅनहोलपाशी असलं पाहिजे.