दुपारी रुसणारी तार

एका शाळेची तक्रार विचित्र होती. संगणक कक्षातलं नेट सकाळी ठीक चालायचं आणि मे महिन्यात दुपारचे दोन वाजले की अडखळू लागायचं. स्विच बदलून झाला, जॅक बदलून झाला, तरी फरक नाही. स्विचच्या नोंदीत त्या पोर्टवर चुकलेल्या फ्रेमचा आकडा दुपारी भराभर चढत होता. म्हणजे स्विच शुद्धीवर होता, खोट वाटेत होती.

तांब्याच्या नेटवर्क केबलला 100 मीटरची मर्यादा असते, हे बहुतेकांना माहीत असतं. पण ते 100 मीटर कोणकोणते, हे फारसं कुणी विचारत नाही. रॅकमधल्या पॅच पॅनलपासून भिंतीवरच्या जॅकपर्यंत जी पक्की केबल जाते, तिच्या वाट्याला 90 मीटरच येतात. उरलेले 10 मीटर दोन्ही टोकांच्या पॅचकॉर्डचे. पक्क्या केबलीत एकसंध तांब्याची तार असते. पॅचकॉर्डमध्ये बारीक धाग्यांचा पीळ असतो, म्हणून ती वाकते, पण तेवढ्याच लांबीत सिग्नल जास्त क्षीण करते. म्हणूनच तिला हात आखडून मीटर दिले आहेत.

शाळेने व्हरांड्यात टेप लावून 68 मीटर मोजले होते आणि निश्चिंत झाली होती. केबल मात्र जमिनीवरून चालत नाही. रॅकमधून छतापर्यंत 3 मीटर, पलीकडे उतरताना 3, तुळई आणि स्वच्छतागृह टाळताना 6, रॅकमध्ये गुंडाळून ठेवलेले 4. झाले 84. हा अंदाज नव्हे. केबलच्या आवरणावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. एका टोकाला 112 होता, दुसऱ्याला 196. ही सोपी युक्ती माहीत असलेले वायरमनही ती क्वचितच वापरतात.

84 म्हणजे नियमात बसले. मग रॅकमधली पॅचकॉर्ड 2 मीटरची, आणि टेबल खिडकीकडे सरकवल्यावर कुणीतरी आणलेली 15 मीटरची. एकूण 101. एक मीटर जास्त झाला म्हणून तार लगेच मरत नाही, थंडीत ती बिनबोभाट चालली असती. पण 90 मीटरचा हिशेब 20 अंश सेल्सिअसचा आहे. तांबं तापलं की सिग्नलची गळती वाढते. साध्या, बिनकवचाच्या केबलीला 40 अंशांवर सुमारे 84 मीटर आणि 60 अंशांवर 75 मीटरच धरतात. इथे जवळजवळ सगळी केबल पत्र्याच्या छपराखालून गेली होती. मे महिन्यातल्या दुपारी त्या पत्र्याखाली हात लावून पाहा, दोन वाजताचं कोडं आपोआप सुटेल.

खरा वेळ गेला तो ही तार पॅनलवर शोधण्यात. 24 पोर्टांवर स्केच पेनने ‘मॅडम’, ‘जुनं ऑफिस’, ‘प्रिंटर’ असं लिहिलेलं, तेही अर्धं पुसलेलं. मॅडम निवृत्त झाल्या होत्या आणि प्रिंटर दुसऱ्या खोलीत होता. लेबलवर माणूस किंवा यंत्र लिहू नये, भिंत लिहावी. पहिला मजला, पहिलं पॅनल, तेरावं पोर्ट म्हणजे 1-1-13. हाच आकडा जॅकच्या खोक्यावर, आणि केबलच्या दोन्ही टोकांना, आवरणावरही. पॅनल निघालं तरी तार स्वतःचं नाव सांगते. स्विचचं कोणतं पोर्ट जोडलंय ते मात्र पॅनलवर लिहू नये. पॅचकॉर्ड दर महिन्याला हलते, ती नोंद रॅकच्या दारामागच्या कागदावरच बरी.

उपाय साधा निघाला. जिन्याखाली छोटी कपाट-रॅक बसवून त्यात दुसरा स्विच ठेवला. स्विच सिग्नल नव्याने उभा करतो, त्यामुळे पुढच्या तारेला पुन्हा पूर्ण 100 मीटर मिळतात.

नवी केबल ओढताना दुकानदार विचारणारच, कॅट 5ई, कॅट 6 की कॅट 6ए? गिगाबिटसाठी 5ई पूर्ण 100 मीटर पुरते, ती जुनी झाली म्हणून उपटून काढू नका. नव्या कामात मी कॅट 6 घालतो. 10 गिगाबिट ती साधारण 55 मीटरपर्यंतच नेते, केबलींची दाटी असेल तर त्याहूनही कमी. तो वेग पूर्ण 100 मीटर हवा असेल तरच 6ए. ती जाड असते, आधीच भरलेल्या पाइपात शिरत नाही, तेव्हा पाइप आधी बघा. आणि विकत घेताना एक टोक सोलून तार चाकूने खरवडा. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. खोक्यावर कॅट 6 छापलेलं असलं तरी ते परत द्या.