ताप उतरला, पण मूठ वळत नाही

चिकुनगुनिया या मूळच्या आफ्रिकी शब्दाचा आशयच ‘शरीर वाकवून टाकणारे दुखणे’ असा आहे. महाराष्ट्रात १९७३ साली बार्शीत त्याची साथ आली होती. पुढे २००६ साली तो पुन्हा मोठ्या प्रमाणावर पसरला. ताप आठवडाभरात जातो. मनगटे, बोटे, गुडघे व घोटे मात्र महिनोन्‌महिने दुखू शकतात. वय अधिक असल्यास किंवा संधिवात पूर्वीचाच असल्यास हा काळ लांबतो.

समजा, डहाणूच्या चिकूवाडीतील पासष्ट वर्षांच्या आजींना सप्टेंबरात ताप आला. पहिल्या तीन आठवड्यांत सूज व वेदना तीव्र असणे अपेक्षित आहे. पुढे डिसेंबरपर्यंत दुखणे चढत-उतरत ओसरते. मध्येच एखादा वाईट दिवस आला, म्हणून आजार उलटला असे समजू नये. खरी प्रगती सकाळी कळते. उठल्यावर पूर्ण मूठ वळायला किती मिनिटे लागतात, ते घरच्यांनी आठवड्यातून एकदा वहीत लिहावे. चाळीस मिनिटांची पंचवीस, मग दहा झाली, तर सुधारणा होत आहे.

कोमट पाण्यात हात बुडवून दहा वेळा मूठ उघडावी व मिटावी, असे दिवसातून दोनदा करावे. व्यायामानंतर वाढलेली वेदना दोन तासांहून अधिक टिकली, तर दुसऱ्या दिवशी तो निम्म्यावर आणावा. वेदनेसाठी डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल घ्यावे. इतर वेदनाशामके वृद्धांच्या मूत्रपिंडाला व जठराला अपाय करू शकतात. रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर ती विचारल्याविना घेऊच नयेत. बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड असू शकते. त्याने तात्पुरता आराम पडतो, पण साखर वाढते आणि हाडे ठिसूळ होतात. अशी पुडी बरेच दिवस घेतली असल्यास ती एकाएकी बंद न करता डॉक्टरांना दाखवावी.

आजींची सूज डिसेंबरनंतरही राहिली, किंवा सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकला, तर संधिवाततज्ज्ञांचा सल्ला आवश्यक ठरतो. डहाणूचे उपजिल्हा रुग्णालय किंवा तलासरीचे ग्रामीण रुग्णालय येथून त्यासाठी चिठ्ठी मागावी आणि ती वही सोबत न्यावी. चिकुनगुनियाची चाचणी कित्येक महिने सकारात्मक राहू शकते. तेवढ्यावरून दुखण्याचे कारण सिद्ध होत नाही. म्हणून तज्ज्ञ आमवाताच्या रक्तचाचण्या व क्ष-किरण चित्र पाहतात. खरा आमवात वेळीच ओळखला, तर सांधे वाकडे होण्यापासून वाचवता येतात.

मात्र एकच सांधा लाल व गरम होऊन पुन्हा ताप आला, किंवा डोळा लाल होऊन अंधुक दिसू लागले, तर तीन महिने थांबू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.