समीकरण बॅलन्स झालं, तरी उत्तर चुकलं!

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला मामेबहिणीने व्हॉट्सॲपवर वर्कशीटचा फोटो पाठवला. ती अकरावी सायन्सला आहे. एका उत्तरावर लाल फुली होती आणि खाली तिचा मेसेज: "दादा, दोन्हीकडचे सगळे ॲटम मोजले, बरोबर येतात. मग मार्क का कापले?"

प्रश्न होता पोटॅशियम परमँगनेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा, सल्फ्युरिक ॲसिडमधला. समीकरण बॅलन्स करा आणि ऑक्सिडायझिंग व रिड्यूसिंग एजंट ओळखा. तिने लिहिलं होतं:

```
2KMnO4 + H2O2 + 3H2SO4 → K2SO4 + 2MnSO4 + 3O2 + 4H2O
```

मीही मोजून पाहिलं. ऑक्सिजन डावीकडे २२, उजवीकडे २२. हायड्रोजन ८ आणि ८. सगळं जुळतं! आणि तरीही हे समीकरण चूक आहे. एजंटच्या रकान्यातही तिने "ऑक्सिडायझिंग एजंट: H2O2" असं लिहिलं होतं, कारण काय, तर त्यात जास्तीचा ऑक्सिजन आहे. या दोन चुकांचं मूळ एकच आहे. तिने ॲटम मोजले, पण इलेक्ट्रॉन कुठून कुठे गेले ते पाहिलंच नाही.

ते पाहायचं साधन म्हणजे ऑक्सिडेशन नंबर. हा काही ॲटमवरचा खराखुरा चार्ज नसतो. बाँडमधले इलेक्ट्रॉन जास्त ओढणाऱ्या ॲटमच्या नावावर टाकायचे, असा ठरवून ठेवलेला हिशेब आहे तो. हिशेब असला तरी कामाचा आहे.

आधी परमँगनेट घेऊ. KMnO4 मध्ये K चा +1. ऑक्सिजनचा नेहमीचा −2, असे चार म्हणजे −8. एकूण बेरीज शून्य यायला हवी, म्हणून Mn चा +7. उजवीकडे MnSO4 मध्ये सल्फेटचा चार्ज −2, म्हणून Mn +2. म्हणजे प्रत्येक मँगनीज +7 वरून +2 वर आला. इलेक्ट्रॉन निगेटिव्ह असतो, त्यामुळे तो मिळाला की नंबर खाली येतो. इथे प्रत्येक मँगनीजने पाच इलेक्ट्रॉन घेतले.

आता पेरॉक्साइड. बहुतेक जण अडकतात ते इथेच. ऑक्सिजन दिसला की हात आपोआप −2 लिहितो. पण H2O2 मध्ये दोन हायड्रोजनचे मिळून +2 होतात, म्हणून दोन ऑक्सिजनचे मिळून −2, म्हणजे प्रत्येकाचा −1. दोन ऑक्सिजन एकमेकांनाच जोडलेले असतात आणि सारख्याच ताकदीचे असल्यामुळे त्या बाँडमधले इलेक्ट्रॉन कुणा एकाच्या नावावर जात नाहीत. O2 वायूत मात्र नंबर 0. म्हणजे ऑक्सिजन −1 वरून 0 वर चढला, प्रत्येक ॲटमने एक इलेक्ट्रॉन दिला, आणि H2O2 च्या एका रेणूने दोन.

हा यूपीआयच्या व्यवहारासारखा प्रकार आहे. एकाच्या खात्यातून जेवढे गेले, तेवढेच दुसऱ्याच्या खात्यात जमा व्हायला हवेत. दोन मँगनीजना हवेत दहा इलेक्ट्रॉन. एक पेरॉक्साइड देतं दोन. म्हणून पेरॉक्साइड लागतात पाच:

```
2KMnO4 + 5H2O2 + 3H2SO4 → K2SO4 + 2MnSO4 + 5O2 + 8H2O
```

मग बहिणीचं समीकरण जुळलं कसं? तिच्या उत्तरात 3O2 आहेत, म्हणजे शून्य नंबरचे सहा ऑक्सिजन. पेरॉक्साइडने आणले फक्त दोन. उरलेले चार −2 वाल्या ऑक्सिजनमधून, म्हणजे परमँगनेट, ॲसिड किंवा पाण्यातून सुटले असं मानावं लागतं. प्रत्यक्षात तसं होत नाही. ऑक्सिजनचे जड आयसोटोप वापरून केलेल्या प्रयोगांत दिसलं आहे की हा वायू पेरॉक्साइडमधूनच येतो. इथे पाच पेरॉक्साइड आणि पाच O2 आहेत, तेही याच्याशी जुळतं.

कागदावरच्या या फरकाने प्रयोगशाळेत काय होतं ते बघा. जखम धुवायला मेडिकलमध्ये जी पेरॉक्साइडची बाटली मिळते, ती साधारण ६ टक्क्यांची आहे असं धरू. ती २० पट पातळ केली, त्यातलं १० मिली घेतलं, ॲसिड घातलं आणि ब्युरेटमधून 0.02 M परमँगनेट सोडलं. जांभळा रंग पडताक्षणी उडत राहतो, बुडबुडे येतात, आणि १८ मिलीला फिका गुलाबी रंग टिकतो. पेरॉक्साइड संपलं.

१८ मिली गुणिले 0.02 म्हणजे 0.36 मिलिमोल परमँगनेट. दोनास पाच या प्रमाणात पेरॉक्साइड 0.9 मिलिमोल, तेही १० मिलीत, म्हणजे 0.09 M. गुणिले २० केलं की मूळ बाटली 1.8 M. H2O2 चा मोलर मास ३४, म्हणून लिटरमागे सुमारे ६१ ग्रॅम, म्हणजे सहा टक्के. जुळलं. चुकीच्या समीकरणाने मात्र दोनास एक धरलं जातं, आणि तीच बाटली 1.2 टक्क्यांची ठरते. चांगली बाटली बिचारी विनाकारण बदनाम!

(प्रयोग करताना मिश्रण तपकिरी, गढूळ झालं तर ॲसिड कमी पडलं असं समजा. मग मँगनीज +2 पर्यंत न जाता +4 वर थांबतं आणि MnO2 बनतं. ॲसिड म्हणून HCl मात्र घालू नका, क्लोराइड स्वतःच परमँगनेटला इलेक्ट्रॉन देऊन बसतं आणि रीडिंग बिघडतं.)

आता एजंट ओळखू. नावं उलटी वाटतात, त्यामुळे गोंधळ होतो. मँगनीजने इलेक्ट्रॉन घेतले, त्याचं स्वतःचं क्षपण झालं, म्हणजेच त्याने दुसऱ्याचं ऑक्सिडीकरण केलं. म्हणून ऑक्सिडायझिंग एजंट KMnO4. मराठी माध्यमातून दहावी केलेल्यांना "ऑक्सिडक" आठवत असेल. इलेक्ट्रॉन देणारं H2O2 इथे रिड्यूसिंग एजंट, म्हणजे क्षपणक. रकान्यात पूर्ण पदार्थाचं नाव लिहायचं. नुसतं "Mn" लिहिलं की मार्क जाऊ शकतो, कारण बाटलीतून ओततो ते परमँगनेट, सुटं मँगनीज नाही. आणि एजंट नेहमी बाणाच्या डावीकडचा.

"पण पेरॉक्साइड तर ऑक्सिडायझिंग एजंट असतं ना? केस ब्लीच करतात त्याने," बहिणीचा पुढचा मेसेज.

असतंच की. तिच्याच वर्कशीटमधला पुढचा प्रश्न बघा:

```
H2O2 + 2KI + H2SO4 → I2 + K2SO4 + 2H2O
```

इथे आयोडिन −1 वरून 0 वर चढतं आणि पेरॉक्साइडचा ऑक्सिजन −1 वरून −2 वर उतरतो. म्हणजे इथे H2O2 ऑक्सिडायझिंग एजंट. −1 ही मधली पायरी आहे, तिथून वरही जाता येतं आणि खालीही. समोर परमँगनेटसारखा जबरदस्त इलेक्ट्रॉन ओढणारा आला तर ते देतं, आयोडाइडसारखा देणारा आला तर घेतं. म्हणून पदार्थाचं नाव पाठ करून उत्तर लिहू नका, त्या समीकरणातले नंबर काढा.

अकरा वाजून गेल्यावर तिने शेवटचा प्रश्न पाठवला. त्यात समोर दुसरं कुणीच नव्हतं:

```
2H2O2 → 2H2O + O2
```

मी काही सांगायच्या आत तिचंच उत्तर आलं: "काही ऑक्सिजन −2 वर, काही 0 वर. दोन्ही रकान्यांत H2O2 लिहू?" मी म्हटलं, लिही.