पाठ केलेला निबंध आणि आठ गुण

‘होय, होय, मीच बोलतेय! दचकलात ना?’ दहावीच्या मराठीच्या उत्तरपत्रिका तपासलेल्या कोणत्याही शिक्षकाला हे वाक्य विचारा, पुढचा परिच्छेद तो न बघता म्हणून दाखवील. झाड असो, शाळेची घंटा असो, फाटके पुस्तक असो किंवा जुनी सायकल, आत्मकथनाची सुरुवात अशीच होते. मग थोडा भूतकाळ, थोडे दुःख, माणसाच्या स्वार्थावर दोन वाक्ये आणि शेवटी हात जोडून विनंती. क्लासमध्ये वहीत उतरवून घेतलेला किंवा गाइडमधून पाठ केलेला हा साचा परीक्षेत कोणताही विषय आला तरी त्याच्यावर चढवला जातो.

मराठी कुमारभारतीच्या 80 गुणांच्या लेखी परीक्षेत उपयोजित लेखनाला 24 गुण असतात. त्यांतले शेवटचे 8 प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन या तिघांपैकी एकासाठी. उरलेल्या बऱ्याच प्रश्नांना उतारा, कविता किंवा व्याकरणाचा आधार असतो. या आठ गुणांसाठी मात्र मुलाने समोरचा विषय वाचून, त्यावर विचार करून स्वतः काही लिहावे अशी अपेक्षा असते. त्यामुळे साच्याला इथे किती गुण द्यायचे, हा परीक्षकाच्या टेबलावरचा खरा पेच आहे. कडक परीक्षक चिडून दोन देतो. दमलेला परीक्षक वळणदार अक्षर आणि अलंकारिक भाषा बघून सात देऊन टाकतो. निबंध तोच आणि फरक पाच गुणांचा.

नमुन्यासाठी एक प्रश्न घेऊ. विषय ‘पडक्या विहिरीचे मनोगत’. मुद्दे दिले आहेत : पूर्वीचा दिमाख, गावाशी नाते, नळयोजना आल्यावर झालेले दुर्लक्ष, आजची अवस्था, अपेक्षा. दोन उत्तरे मी इथे रचून देते आहे, पण तपासणीला बसलेल्यांना ती ओळखीची वाटतील.

पहिल्या उत्तरातला मधला भाग असा : ‘मी एक पडकी विहीर बोलते आहे. गेली शंभर वर्षे ऊन, वारा, पाऊस झेलत मी इथेच उभा आहे. माझ्या शीतल छायेत कित्येक वाटसरूंनी विसावा घेतला. पाखरे माझ्या अंगाखांद्यावर बागडली. नंतर गावात नळ आले आणि माझ्याकडे दुर्लक्ष झाले. पण हे मानवा, तू किती स्वार्थी आहेस!’

हे वडाच्या झाडाचे मनोगत आहे, हे सांगायला नको. पण कशावरून, ते नीट पाहण्यासारखे आहे. विहिरीला छाया नसते आणि तिच्या अंगाखांद्यावर पाखरे बागडत नाहीत. ही आशयातली शिवण झाली. दुसरी शिवण व्याकरणात आहे. मराठीत ‘मी’ म्हणणाऱ्याचे लिंग क्रियापदात उतरते. मूळ मजकुरात वृक्ष पुल्लिंगी होता, त्याच्या जागी विहीर आली. पहिल्या वाक्यात मुलाने ‘बोलते’ असे सांभाळून लिहिले, पण पुढे पाठांतराची लय लागली आणि ‘उभा आहे’ तसाच राहिला. तिसरी शिवण ‘नंतर गावात नळ आले’ या वाक्यात आहे. दिलेल्या मुद्द्याला क्रियापद जोडले की हे वाक्य तयार होते, त्यात नवीन काही येत नाही. खरी उत्तरपत्रिका समोर असेल तर पुष्कळदा याच जागी खाडाखोड दिसते. आधीची दहा ओळी शाई न अडता वाहत आलेली असते, दिलेला मुद्दा आला की पेन थबकते, दोन शब्द खोडले जातात, आणि ते वाक्य संपले की पुन्हा ओघ सुरू.

यातली एकच खूण बघून निकाल देऊ नये. लिंगाचीच खूण घ्या. कोल्हापूरकडे बायका आणि मुली बोलताना सर्रास ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणतात. तिकडच्या मुलीने विहिरीच्या तोंडी ‘मी उभा आहे’ घातले, तर ते तिच्या बोलीतून आलेले असू शकते. खाडाखोड नसणे हाही पुरावा नव्हे, काही मुले मनात वाक्य जुळवूनच लिहितात. आणि एकाच केंद्राच्या गठ्ठ्यात सलग पाच उत्तरपत्रिकांची सुरुवात सारखी निघाली, तर ती बहुधा कॉपी नसून एकाच बाईंनी फळ्यावर लिहून दिलेली सुरुवात असते. तिथे चुकासुद्धा सारख्या निघतात, कारण ऐकून पाठ केलेला ‘नयनरम्य’ सगळ्यांच्याच वहीत ‘नैनरम्य’ झालेला असतो. दोन-तीन वेगवेगळ्या खुणा एकाच जागी भेटल्या की मगच साच्याचा संशय पक्का धरावा.

आणि संशय पक्का झाल्यावरही ‘हे पाठ केलेले आहे का?’ हा प्रश्न गुण देताना फारसा उपयोगी नाही. पाठांतर गुन्हा नाही. म्हणी, वाक्प्रचार, पत्राचा मायना हे सारे आपणच मुलांकडून पाठ करून घेतो. विचारायचा प्रश्न वेगळा आहे : या उत्तरातले काय काय प्रश्नपत्रिका हातात पडण्याआधी लिहिता आले नसते? पेन्सिल नुसती हवेत धरून त्या वाक्यांवरून फिरवा. पहिल्या उत्तरात विहीर हा शब्द आणि नळाचे एक वाक्य एवढेच हाती लागते.

दुसरे उत्तर बघा. ‘माझ्यात आता कोनी पोहरा सोडत नाही. पहिल्या बाया पहाटेच यायच्या. रहाटाचा आवाज ऐकून शाळेचा शिपाई उठायचा. नळ आला तेव्हा गावात पेढे वाटले. मला पन बरं वाटलं कारण बायांचे हात दुखायचे थांबले. मग माझ्यात गनपती सोडू लागले आनि मग कचरा. आता पोरं आत डोकावली की त्यांची आई वरडते.’

‘न’ आणि ‘ण’ची गल्लत आहे, ‘पूर्वी’च्या जागी ‘पहिल्या’ आहे, परिच्छेद पाडलेले नाहीत, अपेक्षेचा मुद्दा राहूनच गेला आहे. पण इथले एकही वाक्य झाडाच्या किंवा सायकलच्या तोंडी घालता येणार नाही. नळ आल्यावर विहिरीला बरे वाटले, हे तर कोणत्याच साच्यात नसते. साच्यातल्या वस्तू नेहमी माणसावर रागावलेल्या असतात.

आता गुण. मंडळाची विभागणी म्हणून हे सांगत नाही. आठ गुणांचे काम मला चार भागांत करणे सोयीचे वाटते : विषयाला आणि मुद्द्यांना दिलेले उत्तर 3, मांडणी 2, भाषा 2, शुद्धलेखन 1. प्रत्येक भाग स्वतंत्र बघायचा, एकाची छाया दुसऱ्यावर पडू द्यायची नाही. पहिल्या उत्तराला विषयासाठी 1, कारण एका मुद्द्याला निदान हात लावला आहे. मांडणी 1, सुरुवात-शेवट आहे पण मधले विषयाशी जुळत नाही. भाषेला 1 : शब्द सुंदर आहेत, पण चुकीच्या वस्तूला लावलेले आहेत, आणि शब्द योग्य जागी वापरता येणे हीच भाषेची परीक्षा. शुद्धलेखन 1. एकूण 4. दुसऱ्याला विषयासाठी 2, एक मुद्दा सुटला म्हणून. मांडणी 1, भाषा 2, शुद्धलेखन 0. एकूण 5.

एकाच गुणाचा फरक बघून काहींना हे मिळमिळीत वाटेल. मला ते योग्य वाटते. पहिल्या मुलाला चार मिळाले, कारण त्याला शुद्ध लिहिता येते आणि निबंधाचा आकार कळतो. ते त्याने कमावलेले आहे. त्याला जे येत नाही त्याचे गुण फक्त त्याच रकान्यात कापले. दुसऱ्या मुलीच्या चुकाही लपवल्या नाहीत. घाईने तपासले असते तर पहिल्याला सात आणि दुसरीला तीन मिळाले असते, आणि ते मला अन्यायाचे वाटते. घरी अहिराणी, मालवणी किंवा गोंडी बोलणारे मूल प्रमाण मराठीत लिहायला घाबरते आणि म्हणून साच्याचा आधार घेते. त्याने आधार सोडून स्वतःचे लिहायचे धाडस केले की आपण त्याच्या ‘न-ण’वर लाल पेन चालवतो. मग पुढच्या बॅचला शिक्षक सांगतात, गाइडमधलेच लिहा, तेच सुरक्षित.

सर्वांत जास्त उत्तरे या दोन टोकांच्या मधली असतात : सुरुवात पाठ केलेली, शेवट पाठ केलेला, मधे पाच-सात ओळी स्वतःच्या. अशा वेळी पाठ केलेला भाग मनातल्या मनात बाजूला ठेवून उरलेले एकदा सलग वाचावे. ते मुद्द्यांना धरून असेल तर विषयाचे पूर्ण गुण द्यावेत. ‘दचकलात ना?’ या सुरुवातीने गुण वाढवू नयेत, तसे कमीही करू नयेत. सातव्यांदा ती सुरुवात वाचताना परीक्षकाला वैताग येतो हे खरे, पण सातव्या मुलाला आधीचे सहा माहीत नसतात. यावर एक साधा उपाय आहे. गुण द्यायला लागण्याआधी गठ्ठ्यातले दहा-बारा निबंध नुसते वाचून जायचे आणि समान सुरुवाती एका कागदावर टिपून ठेवायच्या. मग पहिल्या आणि सातव्या मुलाकडे आपण एकाच नजरेने बघतो. नियामकाकडे गठ्ठा गेल्यावर गुणांतला फरक समजावून सांगायलाही तो कागद उपयोगी पडतो.

परदेशी शिकायला किंवा नोकरीला जाणारी आपली अनेक मुले आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देतात. तिथेही तयार निबंधांचा सुळसुळाट आहे, आणि तिथल्या जाहीर निकषांत याचा विचार झालेला दिसतो. लेखनाचे चार निकष वेगवेगळे तपासले जातात आणि प्रश्नाला दिलेला प्रतिसाद हा त्यांतला एक. आशयाचा प्रश्नाशी अजिबात संबंध नसेल तर त्या निकषावर सर्वांत खालची श्रेणी, म्हणजे 1. शून्य मात्र मोजक्याच कारणांसाठी राखून ठेवले आहे, आणि त्यांतले एक म्हणजे संपूर्ण उत्तर पाठ केलेले असल्याचा पुरावा. संपूर्ण आणि पुरावा, दोन्ही अटी हव्यात. परीक्षकाच्या नुसत्या संशयावर कोणाचे उत्तर शून्य होत नाही.

उत्तरपत्रिकेतले हे सगळे शोधकाम प्रश्नपत्रिका काढतानाच पुष्कळ कमी करता येते. ‘झाडाचे मनोगत’ असा उघडा विषय दिला की गाइडमधले झाड येणारच. त्याऐवजी ‘रस्ता रुंदीकरणासाठी खोडावर पांढरा आकडा रंगवलेल्या झाडाचे मनोगत’ असे विचारले आणि मुद्द्यांत समोरचा चहावाला व सकाळच्या रिक्षा घातल्या, तर पाठ केलेल्या मजकुरातले शंभर वर्षांचे ऊन-पाऊस थोडेफार चालतील, पण तो आकडा, तो चहावाला आणि त्या रिक्षा मुलाला स्वतःच लिहाव्या लागतील. परीक्षकालाही मग कुठे बघायचे ते आधीच ठाऊक असेल.